ओटीपी असूनही फ्रीलान्सरची कमाई कशी जाते, आणि ती कुठे अडवायची

समजा एक ग्राफिक डिझायनर आहे. कामं तिला एका फ्रीलान्सिंग साइटवरून मिळतात, पैसे एका ऑनलाइन पेमेंट खात्यात येतात आणि दोन्हीकडे ईमेल एकच दिलेला आहे. पासवर्ड लांब आहे, लॉगिन करताना मोबाइलवर ओटीपी येतो. नेहमीचे सल्ले तिने पाळले आहेत.

तिला नव्या क्लायंटचा मेसेज येतो. पोर्टफोलिओ आवडला, कामाचा तपशील सोबतच्या फाइलमध्ये आहे, वाचून कोटेशन पाठवा. लिंक उघडली तर ती एका नामांकित साइटवरची खरीखुरी शेअर केलेली फाइल निघते. फाइलमध्ये एकच बटण आहे: संपूर्ण ब्रीफ पाहण्यासाठी फ्रीलान्सिंग खात्यातून लॉगिन करा. बटण दाबल्यावर ओळखीचं लॉगिन पान येतं. ती ईमेल आणि पासवर्ड टाकते. ओटीपी येतो, तोही नेहमीच्याच नावाने. तो टाकल्यावर ‘फाइल सध्या उपलब्ध नाही’ असं दिसतं आणि ती कामाला लागते.

तिला दिसलेलं पान चोराचं होतं, ओटीपी मात्र खऱ्या साइटने पाठवला होता. चोराचा सर्व्हर मध्ये बसून दोन्हीकडची देवाणघेवाण करत होता. तिने टाकलेला पासवर्ड त्याने त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकला, साइटने तिच्या मोबाइलवर ओटीपी धाडला, तिने तो खोट्या पानावर लिहिला आणि काही सेकंदांत तोही खऱ्या साइटवर पोचला. लॉगिन झाल्यावर साइट ब्राउझरला ‘या माणसाला आत घेतलं आहे’ अशी खूण देते. तिला सेशन कुकी म्हणतात. ती कुकी आता चोराकडे आहे. तो तिच्या खात्यात बसला आहे आणि पुढचा बराच काळ त्याला पासवर्डही लागणार नाही, ओटीपीही.

पण तो लगेच पैसे काढत नाही. आधी ईमेलकडे वळतो. फ्रीलान्सिंग साइटच्या पासवर्डच्या शेवटी एक अंक बदलून ईमेलचा पासवर्ड तयार केलेला असेल, तर तो अंदाजानेच सापडतो, आणि ईमेलला ओटीपी लावलेलाच नसतो. आत शिरल्यावर तो एक फिल्टर बनवतो: ज्या मेलमध्ये ‘पेमेंट’ किंवा ‘विड्रॉवल’ असे शब्द असतील, तो इनबॉक्समध्ये न दाखवता थेट कचऱ्यात टाकायचा. मग पैसे काढण्यासाठी नवीन खातं जोडतो. नवीन खातं जोडल्यावर अनेक साइट्स काही दिवस पैसे काढू देत नाहीत आणि मालकाला मेल पाठवून कळवतात. मालकाला हरकत घेता यावी म्हणूनच ही मुदत असते. इथे तो मेल आला आणि तिच्या नजरेला न पडता कचऱ्यात गेला. मुदत संपली, पैसे गेले.

हा प्रकार तीन ठिकाणी अडवता आला असता: ईमेलचा पासवर्ड वेगळा असता तर, पासवर्डनंतरची दुसरी पायरी (इथे ओटीपी) मधल्यामध्ये खऱ्या साइटकडे पुढे पाठवता येणारी नसती तर, आणि खोटं पान ओळखण्याचं काम फक्त डोळ्यांवर सोडलेलं नसतं तर. खालची कामं याच बेताने लावली आहेत. सगळी एका बैठकीत होत नाहीत. आधी ईमेल, मग पेमेंट खातं, मग फ्रीलान्सिंग साइट असा क्रम ठेवा.

आधी कागदावर नकाशा

एका कागदावर पैशाशी संबंध असलेली सगळी खाती लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा: याचा पासवर्ड विसरला तर तो कुठून परत मिळतो? बहुतेक बाण एकाच ईमेलकडे जातील. पुढे त्या ईमेलचा रिकव्हरी ईमेल आणि रिकव्हरी नंबर कोणता आहे तेही लिहा. अनेकांना इथे धक्का बसतो, कारण रिकव्हरीला वर्षानुवर्षं न उघडलेला जुना ईमेल किंवा बंद पडलेला नंबर निघतो. बंद नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देतात. म्हणजे तुमच्या कमाईची एक चावी अनोळखी माणसाच्या हाती जाऊ शकते. ते आजच बदला.

शक्य असेल तर पेमेंट खात्यासाठी वेगळा ईमेल काढा, जो पोर्टफोलिओवर नाही, क्लायंटला दिलेला नाही, कुठल्या वृत्तपत्राच्या सदस्यत्वाला वापरलेला नाही. फायदा असा की नेहमीच्या पत्त्यावर ‘तुमचं पेमेंट अडकलं आहे’ असा मेल आला, तर तो खोटा असल्याचं पत्त्यावरूनच कळतं. खऱ्या पेमेंट साइटला तो पत्ता माहीतच नसतो.

पासवर्ड: एक लक्षात ठेवायचा, बाकी मॅनेजरने

पासवर्ड मॅनेजर घ्या. ब्राउझरमधला असो की वेगळं ॲप, न वापरण्यापेक्षा कुठलाही बरा. त्याने प्रत्येक खात्यासाठी वीसेक अक्षरांचा, कुठल्याही अर्थाशिवायचा पासवर्ड बनवावा. तो तुम्हाला पाठ नसणं चांगलंच, कारण जे पाठ नाही ते खोट्या पानावर सवयीने टाइप होत नाही.

पाठ करायचा तो मॅनेजरचा मुख्य पासवर्ड. तो फाशांनी बनवा. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने २०१६ साली त्यासाठी ७,७७६ इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली आहे. फासा पाच वेळा टाकला की पाच आकडे मिळतात, आणि त्या आकड्यांसमोरचा यादीतला शब्द तुमचा. असं सहा वेळा करा. सहा शब्दांची मांडणी इतक्या प्रकारे होऊ शकते की ती संख्या चोवीस अंकी भरते. आवडले नाहीत म्हणून शब्द बदलू नका. मनाने निवडलेले शब्द ओळखीच्या वाटेने जातात: घरातली नावं, गाण्याची ओळ, देवाचं नाव. चोरांच्या याद्यांमध्ये हे सगळं असतं. सुरुवातीला तो कागदावर लिहून घरात ठेवायला हरकत नाही. आंतरजालावरच्या चोराला तुमचं कपाट उघडता येत नाही.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची जुनी शिस्त सोडून द्या. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेच २०१७ च्या आपल्या नियमावलीत असं सक्तीने बदलायला लावू नका असं सांगितलं, कारण माणसं मग शेवटचा अंक तेवढा बदलतात. वरच्या डिझायनरचं ईमेल नेमकं अशाच सवयीने गेलं. पासवर्ड बदलायचा तो फुटल्याची शंका आली की. तुमचा ईमेल एखाद्या फुटलेल्या यादीत आहे का, हे Have I Been Pwned या साइटवर पाहता येतं. ती ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केली. तिथे नाव निघालं म्हणजे कुणी घुसलंच असं नाही. त्या साइटवरचा पासवर्ड, आणि तोच जिथे जिथे वापरला असेल तिथला, बदलायचा एवढाच त्याचा अर्थ.

मॅनेजरचा खरा उपयोग मात्र वेगळाच आहे. तो पासवर्ड साइटच्या पत्त्याशी बांधून ठेवतो. पान कितीही हुबेहूब असो, पत्ता वेगळा असेल तर मॅनेजर पासवर्ड भरत नाही, सुचवतही नाही. आपली चूक इथेच होते: ‘आज का भरत नाहीये?’ असं म्हणत आपण मॅनेजर उघडतो, पासवर्ड कॉपी करतो आणि स्वतः चिकटवतो. असं करू नका. कधीकधी साइटने पान बदलल्यामुळेही मॅनेजर अडतो, हे खरं. त्याची परीक्षा सोपी आहे. ते पान बंद करा, स्वतःच्या बुकमार्कवरून साइट उघडा. तिथे मॅनेजरने निमूट भरलं, तर आधीचं पान खोटं होतं.

‘पहिल्या शाळेचं नाव’ असले सुरक्षा-प्रश्न असतील तर खरं उत्तर देऊ नका. मॅनेजरकडून काहीतरी निरर्थक बनवून घ्या आणि त्याच नोंदीत ठेवा.

दुसरी पायरी: सगळे प्रकार सारखे नाहीत

टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू आहे एवढ्यावर समाधान मानू नका, ते कोणत्या प्रकारचं आहे ते बघा.

एसएमएसवरचा ओटीपी सर्वांत कच्चा. तो खोट्या पानावर टाइप करून घेता येतो, शिवाय कुणी तुमच्या नावाने मोबाइल कंपनीकडून नवीन सिम मिळवलं तर तुमच्याशी न बोलताही मिळतो. मोबाइलचं नेटवर्क विनाकारण गेलं आणि फोन पुन्हा सुरू करूनही आलं नाही, तर दुसऱ्या फोनवरून कंपनीला लगेच विचारा.

ऑथेंटिकेटर ॲप त्याच्या वरचं. सुरुवातीला जो क्यूआर कोड स्कॅन करता, त्यात एक गुप्त किल्ली असते. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांवरून ॲप साधारणपणे दर ३० सेकंदांनी नवा सहा अंकी कोड काढतं. यात सिमचा संबंध नाही, म्हणून सिम चोरून काही मिळत नाही. पण मध्ये बसलेल्या सर्व्हरला ३० सेकंद पुरेसे असतात. वरच्या गोष्टीत ओटीपीऐवजी ॲपचा कोड असता, तरी शेवट तोच झाला असता.

तो शेवट बदलतो पासकी किंवा सिक्युरिटी की. यामागचं वेबऑथेन हे तंत्र २०१९ मध्ये वेबचं अधिकृत मानक झालं. यात तुम्ही काहीच टाइप करत नाही. फोन, संगणक किंवा यूएसबीची छोटी किल्ली साइटने पाठवलेल्या आव्हानावर सही करते, आणि ही सही कोणत्या पत्त्यासाठी आहे हे ब्राउझर स्वतः तपासतो. खोट्या पत्त्यावर खऱ्या साइटची सही निघतच नाही. तुम्ही फसलात तरी तंत्र फसत नाही. म्हणून ईमेलला तरी पासकी लावाच. पेमेंट खातं देत असेल तर तिथेही.

यातही एक फट राहते. पासकी असताना ‘दुसऱ्या मार्गाने लॉगिन करा’ हा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो, आणि खोटं पान तुम्हाला मुद्दाम तिकडेच नेतं: पासकी चालली नाही, एसएमएस कोड टाका. म्हणून साइट परवानगी देत असेल तर पासकी लावल्यावर एसएमएसचा पर्याय काढून टाका. काही पेमेंट साइट्सवर एसएमएसशिवाय काहीच मिळत नाही. तिथे तो वापरा, मोबाइल कंपनीकडे सिम बदलण्यावर जास्तीची पिन किंवा कुलूप मिळत असेल तर ते लावून घ्या, आणि त्या खात्यात पैसे साठू देऊ नका.

हे बदल करताना घाईत स्वतःच बाहेर राहण्याची भीती असते. त्यासाठी एका ब्राउझरमध्ये लॉगिन तसंच चालू ठेवा. नवी पद्धत आधी जोडा, मग प्रायव्हेट विंडोत जाऊन तिने लॉगिन होतं का ते पाहा, आणि झालं तरच जुनी काढा. साइट बॅकअप कोड देईल. गुगल एका वेळी १० कोड देतं, प्रत्येक आठ अंकी आणि एकदाच चालणारा. ते कागदावर छापा. त्याच ईमेलच्या ड्राफ्टमध्ये किंवा फोनच्या फोटोंमध्ये ठेवण्यात अर्थ नाही, कारण ज्या दिवशी ते लागतील त्या दिवशी फोनच हातात नसेल. जमल्यास दुसरी सिक्युरिटी की किंवा दुसऱ्या उपकरणावर दुसरी पासकी ठेवा.

मेसेज वाचताना

पूर्वी फिशिंग मेसेज अशुद्ध भाषेवरून ओळखता येत. आता तो भरवसा नाही. पत्ता मात्र वाचता येतो, फक्त तो कुठून वाचायचा हे माहीत हवं. हे तीन पत्ते पाहा. साइटचं खरं नाव `kaamsite.example` आहे असं धरा.

```
https://www.kaamsite.example/login
https://kaamsite.example.verify-brief.example/login
https://kaamsite-example.example/login
```

`https://` नंतरची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे वाचा. पहिल्यात रेघेच्या लगेच डावीकडे खरं नाव आहे. दुसऱ्यात तिथे `verify-brief.example` आहे, म्हणजे साइट त्या माणसाची. पुढे लावलेलं `kaamsite` हे नुसतं नाव आहे, ते कुणालाही लावता येतं. तिसऱ्यात जोडरेघेने वेगळंच नाव तयार झालं आहे. कुलपाचं चिन्ह तिन्हीकडे दिसू शकतं, त्यावरून काही ठरत नाही. ते फक्त मधल्या वाटेवर कुणी वाचत नाही असं सांगतं, पलीकडे कोण बसलंय ते नाही.

पण थकलेल्या वेळी, फोनच्या छोट्या पडद्यावर, कुणीही चुकतो. म्हणून माझा नियम पत्ता तपासण्याचा नाही, मेसेजमधल्या लिंकवरून लॉगिनच न करण्याचा आहे. साइटचा मेल आला, तर मेल बंद करून बुकमार्कवरून साइट उघडा. खरी सूचना असेल तर ती तुमच्या खात्यात दिसतेच.

पाठवणारा खरा आहे म्हणून मजकूर खरा, असंही नाही. पेमेंट साइटवर कुणीही खातं काढून तुम्हाला बिल पाठवू शकतो. ते बिल साइटच्याच पत्त्यावरून येतं, आणि त्यातल्या टिपेत लिहिलेलं असतं की व्यवहार रद्द करायचा असेल तर या नंबरवर फोन करा. नंबर चोराचा असतो. पलीकडचा गोड आवाज मग तुमच्याकडून ओटीपी घेतो किंवा संगणक दुरून चालवण्याचं ॲप टाकायला लावतो. मेलमधल्या नंबरवर फोन न करणं हाच इथला उपाय.

फ्रीलान्सरला खास धोका फाइलचा. क्लायंट पासवर्ड लावलेली झिप पाठवतो आणि पासवर्ड मेसेजमध्ये देतो. असं करण्याचं एक कारण म्हणजे बंद झिपच्या आत मेल सेवेच्या व्हायरस तपासणीला बघता येत नाही. आत `brief.pdf.exe` किंवा `.scr`, `.lnk` शेपटीची फाइल असते. विंडोज ओळखीची शेपटी मुळात लपवतं, त्यामुळे तुम्हाला फक्त `brief.pdf` दिसतं. फाइल एक्सप्लोररच्या View मेन्यूत जाऊन File name extensions चालू करा. ही फाइल चालली तर ब्राउझरमधले पासवर्ड आणि सेशन कुकी उचलल्या जाऊ शकतात, आणि कुकी गेली की पासकीसुद्धा वाचवत नाही, कारण लॉगिन आधीच झालेलं असतं. म्हणून पेमेंट खात्यातून काम झालं की लॉगआउट व्हा.

याच जातीचा आणखी एक प्रकार आहे: ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असं पान येतं आणि विंडोजचं चिन्ह व R दाबा, मग Ctrl+V, मग एंटर, असं सांगतं. पानाने आधीच तुमच्या क्लिपबोर्डवर एक आज्ञा ठेवलेली असते आणि ती तुमच्याच हाताने चालते. कुठलीही खरी कॅप्चा असं करायला सांगत नाही.

कराराआधीच ‘बाहेरच्या चॅटवर बोलू’ म्हणणाऱ्या क्लायंटबद्दल सावध राहा. बाहेर गेल्यावर साइटची देखरेखही संपते आणि वाद झाल्यास दाखवायचा पुरावाही.

महिन्यातून एकदा पाहायचं

जीमेल असेल तर सेटिंग्जमध्ये Filters and Blocked Addresses आणि Forwarding and POP/IMAP ही दोन पानं उघडा. तुम्ही न बनवलेला एकही फिल्टर किंवा पुढे पाठवण्याचा पत्ता तिथे नको. मग खात्याच्या सुरक्षा पानावर कोणती उपकरणं आत आहेत आणि कोणत्या बाहेरच्या ॲपना परवानगी आहे ते पाहा. पेमेंट खात्यात जोडलेलं बँक खातं, रिकव्हरी नंबर आणि ईमेल तपासा. तिथे सूचनांची सोय असेल तर त्या ईमेलसोबत ॲपवरही चालू करा, म्हणजे ईमेल ताब्यात गेलं तरी एक वाट उघडी राहते.

फसलात असं लक्षात आलं तर

क्रम महत्त्वाचा आहे. संशयास्पद फाइल चालवली असेल तर त्या संगणकावरून काहीच बदलू नका, तो इंटरनेटपासून तोडा आणि दुसरं उपकरण घ्या. आधी ईमेलचा पासवर्ड बदला आणि ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ करा. नुसता पासवर्ड बदलल्याने आत बसलेला माणूस प्रत्येक साइटवर बाहेर पडतोच असं नाही. फिल्टर आणि रिकव्हरीचे तपशील पाहा, अनोळखी पासकी किंवा उपकरण काढा. मग हेच पेमेंट खात्यावर, नंतर फ्रीलान्सिंग साइटवर.

पैसे काढण्यासाठी नवीन खातं जोडलेलं दिसलं तर ते काढून साइटच्या मदत विभागाला लगेच लिहा, विड्रॉवल थांबवायला सांगा. काढण्यापूर्वी स्क्रीनशॉट घ्या. मूळ मेल आणि चॅटही पुसू नका, तक्रारीला तेच लागतात. पैसे निघाले असतील तर पेमेंट साइटसोबत बँकेला आणि आपल्याकडच्या सायबर पोलिसांना त्याच दिवशी कळवा.

शेवटचं काम क्लायंटचं. तुमचं ईमेल चोराकडे असेल तर पुढचं बिल तुमच्या नावाने, बदललेल्या बँक खात्यासह, त्यांच्याकडे जाऊ शकतं. चालू कामं असलेल्या प्रत्येकाला फोन किंवा व्हिडिओ कॉल करून सांगा की खात्याचा तपशील बदलल्याचा मेल आला तर तुमच्याशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. नव्या क्लायंटला हे काम सुरू होतानाच, करारातल्या एका ओळीत लिहून द्या.